संपत्ती दहापट झाली, तर शेअरमध्ये किती?

एक नाणेफेक आहे. छापा पडला तर दहा हजार रुपये मिळतील, काटा पडला तर दहा हजार जातील. सरासरीने पाहिलं तर नफा शून्य, तोटाही शून्य. तरीही बहुतेक माणसं हा खेळ टाळतील, आणि तो खेळण्याची सक्तीच झाली तर सुटका करून घेण्यासाठी थोडे पैसेही मोजतील. हे ‘थोडे पैसे’ म्हणजे नेमके किती, यावरून जोखमीची नावड मोजता येते. ती मोजण्याची पद्धत जॉन प्रॅट यांनी १९६४ मध्ये मांडली. केनेथ अॅरोही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते.

त्यांच्या मांडणीत दोन मापं आहेत. निरपेक्ष जोखीमविमुखता रुपयांत ठरलेल्या जोखमीबद्दल बोलते. तिला एकूण संपत्तीने गुणलं की सापेक्ष जोखीमविमुखता मिळते, आणि ती संपत्तीच्या ठरावीक हिश्शाला असलेल्या जोखमीबद्दल बोलते.

समजा, एका गृहस्थांकडे दहा लाख रुपये आहेत आणि त्यांची सापेक्ष विमुखता ३ आहे. दहा हजारांची नाणेफेक टाळण्यासाठी ते साधारण १५० रुपये देतील. त्यांच्याच स्वभावाच्या, पण एक कोटी बाळगणाऱ्या बाईंना तीच नाणेफेक फार टोचत नाही. त्या जेमतेम १५ रुपये देतील. म्हणजे निरपेक्ष विमुखता दहापटीने घटली. पण बाईंसमोर त्यांच्या संपत्तीच्या एक टक्क्याची, म्हणजे एक लाखाची, नाणेफेक ठेवली तर त्या १,५०० रुपये मोजतील. गृहस्थांसाठीही दहा हजार हा एक टक्काच होता. दोघांनी दिलेली रक्कम आपापल्या संपत्तीच्या ०.०१५ टक्के भरते. सापेक्ष विमुखता स्थिर असते, ती अशी.

गुंतवणुकीत याचा परिणाम थेट दिसतो. पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की अशा माणसाने शेअरमध्ये संपत्तीचा किती वाटा ठेवावा हे तीन गोष्टींवर ठरतं: सुरक्षित व्याजापेक्षा शेअरकडून अपेक्षित असलेला जादा परतावा, त्या परताव्यातले चढउतार आणि विमुखतेचा आकडा. जादा परतावा ६ टक्के आणि चढउताराचं प्रमाण विचलन २० टक्के धरू. ०.०६ ला ३ आणि ०.०४ (विचलनाचा वर्ग) यांच्या गुणाकाराने भागलं की ०.५ येतं, म्हणजे निम्मा वाटा. या हिशेबात संपत्ती कुठेच नाही. गृहस्थ पाच लाख शेअरमध्ये ठेवतील, बाई पन्नास लाख. टक्का दोघांचा तोच. याउलट निरपेक्ष विमुखता स्थिर असती, तर कोट्यधीश बाईंनीही पाचच लाख गुंतवले असते. प्रत्यक्षात असं वागणारं माणूस शोधावंच लागेल.

वाटा स्थिर ठेवायचा तर हातपाय हलवावे लागतात. गृहस्थांचे शेअर ४० टक्क्यांनी वाढले, तर त्यांच्याकडे सात लाखांचे शेअर आणि पाच लाखांची मुदत ठेव होते. वाटा ५८ टक्क्यांवर गेला. आता एक लाखाचे शेअर विकायला हवेत. पण शेअर जागेवर असताना वारशाने दहा लाख रोख आले, तर वाटा एकदम २५ टक्क्यांवर घसरतो आणि पाच लाखांचे शेअर घ्यावे लागतात.

लोक हे करतात का? मार्कुस ब्रुनरमायर आणि स्टेफान नागेल यांनी २००८ मध्ये अमेरिकी कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. संपत्ती वरखाली झाल्याने लोकांची जोखमीची आवड फारशी बदलत नाही, हे त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाचा त्यांचा शोध म्हणजे लोकांची स्वस्थता: पैसे आले तरी जुनी मांडणी तशीच राहते आणि फार हळूहळू सुधारली जाते. म्हणूनच वारसा मिळालेल्या माणसाचा शेअरचा वाटा घटलेला दिसला, की तो घाबरट झाला असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. इटलीतल्या कुटुंबांवरच्या अभ्यासातून प्येर-आंद्रे क्यापोरी आणि मोनिका पायेला यांनीही स्थिर सापेक्ष विमुखतेच्या बाजूने कौल दिला.

नुसती श्रीमंत आणि गरीब यांची तुलना मात्र फसवी असते. श्रीमंतांकडे शेअरचा वाटा जास्त दिसतो, पण कदाचित मुळात धाडसी असल्यामुळेच ते श्रीमंत झाले असतील. ही गाठ सोडवण्यासाठी लॉरां कालवे आणि पाओलो सोदिनी यांनी स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांची तुलना केली. संगोपन आणि बरीचशी आनुवंशिकता समान असूनही ज्या भावंडाकडे जास्त आर्थिक संपत्ती, त्याचा जोखमीचा वाटा जास्त निघाला. याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं, की घरभाडं, शिक्षण, अंगवळणी पडलेली राहणी यांसाठी लागणारी रक्कम लोक धोक्यात घालत नाहीत. गृहस्थांनी दहापैकी चार लाख असे बाजूला काढले, तर उरलेल्या सहाचे निम्मे, म्हणजे तीनच लाख शेअरमध्ये जातील. बाईंनी तेच चार लाख वगळले तरी त्यांचे ४८ लाख जातील. मग एकाचा वाटा ३० टक्के दिसतो आणि दुसरीचा ४८, जरी उरलेल्या पैशांबाबत दोघांचा स्वभाव अगदी सारखा असला.