दोघांचं हिमोग्लोबिन निम्मंच, मग एकच बेशुद्ध का?

दोन रुग्ण समोर ठेवू. पहिल्या बाई. हिमोग्लोबिन साडेसात. हिशेबाला सोपं जावं म्हणून पूर्ण हिमोग्लोबिन १५ धरलं, तर बाईंचं नेमकं निम्मं. चेहरा पांढुरका, जिना चढताना धाप लागते. पण त्या स्वतःच्या पायाने ओपीडीत आल्या आहेत आणि केसपेपरच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याशी भांडायचीही ताकद त्यांच्यात आहे. दुसरा तरुण. हिमोग्लोबिन पूर्ण १५. दारं-खिडक्या लावून, गॅस गीझर चालू ठेवून तो आंघोळ करत होता. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूने त्याचं निम्मं हिमोग्लोबिन अडवलं आहे आणि तो स्ट्रेचरवर बेशुद्ध आहे.

ऑक्सिजन वाहायला दोघांकडे साडेसातच ग्रॅम हिमोग्लोबिन मोकळं आहे. दोघांच्याही १०० मिलिलिटर रक्तात साधारण १० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. मग फरक कशाने पडला? एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. ‘कार्बन मोनॉक्साइडमुळे वक्र डावीकडे सरकतो’ असं लिहून पोरं मोकळी होतात. ते बरोबरच आहे, पण त्याने तरुण बेशुद्ध का पडला ते काही कळत नाही.

आधी तो वक्र पाहू. ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह म्हणतात तो हाच. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. उभ्या अक्षावर सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या किती जागा ऑक्सिजनने भरल्या. हा शब्द कोविडनंतर घराघरात गेला आहे. फुप्फुसातून निघालेल्या रक्तात दाब शंभरच्या आसपास असतो आणि सॅच्युरेशन ९७. शरीर स्वस्थ असताना पेशींना ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या रक्तात दाब ४० आणि सॅच्युरेशन ७५. दाब २७ वर आला की बरोबर निम्म्या जागा भरलेल्या असतात. या २७ ला पी-५० म्हणतात. वक्र कुठे सरकला हे याच आकड्यावरून मोजतात. पी-५० वाढला की वक्र उजवीकडे गेला आणि हिमोग्लोबिनची पकड ढिली झाली. कमी झाला की वक्र डावीकडे आणि पकड घट्ट. वाढ म्हणजे ढिलाई, इथेच परीक्षेत सर्वात जास्त गोंधळ होतो.

हिमोग्लोबिनच्या रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. एक भरली की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि पुढची जागा ऑक्सिजन जास्त सहज पकडते. म्हणून हा वक्र सरळ रेषेत न चढता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो: वर पठार, मध्ये उभा उतार. दाब १०० वरून ६० वर घसरला तरी सॅच्युरेशन ९० पर्यंतच उतरतं. त्याच्या खाली मात्र दाबाच्या थोड्याशा फरकाने पुष्कळ ऑक्सिजन सुटतो.

आता आम्लता. कोपनहेगनचे क्रिस्टियान बोर (अणूचं चित्र मांडणाऱ्या नील्स बोर यांचे वडील) यांनी १९०४ साली हासेलबाल्क आणि क्रोग या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की वक्र उजवीकडे सरकतो. कार्बन डायऑक्साइडने रक्त आम्ल होतं. आम्लाचे हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला चिकटतात आणि रेणूला ऑक्सिजन सोडणाऱ्या आकारात धरून ठेवतात. तापमानाचंही तसंच. ऊब वाढली की पकड सुटते. दर अंशाला पी-५० साधारण पाच-सहा टक्क्यांनी वाढतो.

जोरात पळणाऱ्या माणसाच्या मांडीचा स्नायू घ्या. तिथे तापमान ४० अंशांवर गेलं आहे आणि पीएच ७.४ वरून ७.२ वर उतरला आहे. नुसत्या आम्लतेने पी-५० २७ वरून ३३ च्या आसपास जातो. उष्णता धरली की ३९ च्या जवळ. दाब ४० असताना एरवी सॅच्युरेशन ७५ राहिलं असतं, ते आता पन्नासच्या आसपास येतं. म्हणजे त्याच दाबाला जवळपास दुप्पट ऑक्सिजन स्नायूच्या पदरात पडला, आणि तो ढकलणारा दाब जराही कमी झाला नाही.

‘पकडच ढिली झाली तर फुप्फुसात ऑक्सिजन कमी नाही का भरणार?’ हा वायवातला आवडता उलटप्रश्न. हाच सरकलेला वक्र फुप्फुसातही लागू राहिला असं धरलं, तरी दाब शंभर असताना सॅच्युरेशन ९३ च्या खाली जात नाही. वर तोटा चारेक टक्क्यांचा, खाली फायदा पंचवीस टक्क्यांचा, कारण वर पठार आहे आणि खाली उतार. शिवाय फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त थोडं गारही होतं आणि वक्र बराचसा जागेवर येतो. तापाचा रुग्णही उजवीकडेच जातो. थंडीने काकडलेल्या माणसाचा वक्र डावीकडे जातो.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट जोराने चिकटतो. पण घात नुसत्या जागा अडवण्याने होत नाही. जे. एस. हाल्डेन, त्यांचे सहकारी डग्लस आणि हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. (पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला वारलेले) यांनी १९१२ मध्ये याचे नियम मांडले. हिमोग्लोबिन दोन्ही वायूंना एकाच नियमाने वागवतं. कार्बन मोनॉक्साइडच्या दाबाला त्या दोनशे-अडीचशेने गुणा आणि ऑक्सिजनच्या दाबात मिळवा. त्या बेरजेला एकूण किती जागा भरतील, हे नेहमीच्याच वक्रावर वाचता येतं. आणि भरलेल्या जागांची दोघांतली वाटणीही त्याच दोन आकड्यांच्या प्रमाणात होते.

हा नियम आपल्या दोन रुग्णांना लावू. स्वस्थ असताना शरीर दर १०० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतं. बाईंच्या १० मधून ५ गेले, म्हणजे सॅच्युरेशन ५० वर आलं. वक्रावर ५० म्हणजे दाब २७. चाळीसपेक्षा कमी, पण निभावतं. खरं तर बाईंचं त्याहून बरं चाललेलं असतं, कारण जुन्या रक्तक्षयात तांबड्या पेशींमध्ये डीपीजी नावाचं रसायन वाढतं आणि त्यांचा वक्र थोडा उजवीकडे जातो.

तरुणाच्या शंभर जागांपैकी ५० कार्बन मोनॉक्साइडकडे आणि जवळपास ५० ऑक्सिजनकडे. यातला निम्मा ऑक्सिजन काढला की ऑक्सिजनकडे २५ उरल्या. कार्बन मोनॉक्साइडच्या ५० हलत नाहीत. एकूण भरलेल्या ७५. नेहमीच्या वक्रावर ७५ म्हणजे दाब ४०, पण ही दोघांची बेरीज आहे. वाटणी २५ ला ५०, म्हणून ऑक्सिजनच्या वाट्याला चाळीसचा एक तृतीयांश: साधारण १३.

बाईंच्या रक्ताने पाच मिलिलिटर दिले २७ च्या दाबाला. तरुणाच्या रक्ताला तेवढेच पाच द्यायला दाब १३ पर्यंत खाली आणावा लागतो. केशवाहिनीतून पेशीच्या आत ऑक्सिजन जातो तो दाबाच्या फरकाने. सुरुवातच तेराने झाली तर वाहिनीपासून लांबच्या पेशींपर्यंत काही पोचत नाही. मेंदूची शुद्ध हरपते ती इथे. हृदयाचा स्नायू तर स्वस्थ असतानाही आपल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेतो, त्यामुळे तो आणखी अडचणीत येतो.

रेणूच्या पातळीवर कारण साधं आहे. चारपैकी दोन जागांवर कार्बन मोनॉक्साइड बसला की रेणूचा आकार अर्धा भरल्यासारखाच होतो, आणि उरलेल्या दोन जागा शेवटच्या जागांसारखा ऑक्सिजन घट्ट धरतात. एसचा खालचा वळसा जातो आणि वक्र स्नायूतल्या मायोग्लोबिनच्या वक्रासारखा दिसू लागतो.

आकृती काढायला सांगितली तर उभ्या अक्षावर काय घेतलं आहे ते आधी वाचावं. अक्षावर ऑक्सिजनचं प्रमाण मिलिलिटरमध्ये असेल तर दोघांचेही वक्र निम्म्या उंचीवर थांबतात, पण तरुणाचा डावीकडे झुकलेला असतो. अक्षावर मोकळ्या जागांचं सॅच्युरेशन असेल तर दोघेही शंभराला पोचतात. बाईंचा वक्र निरोगी माणसाच्या वक्राला जवळपास चिकटून आणि तरुणाचा डावीकडे. एकाच प्रश्नाची दोन वेगळी दिसणारी उत्तरं इथून येतात.

हे विष नेहमीच्या तपासण्यांना सहसा सापडत नाही. बोटावरचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतो. लाल प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं, म्हणून तरुणाच्या बोटावर आकडा छान दिसतो. धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाबही ठीक येतो, कारण तो विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. मानेतला कॅरोटिड बॉडी हा संवेदक हाच दाब मोजतो, म्हणून रुग्णाला धापही लागत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेल्या घरात हे सगळ्यांना एकदमच होतं. नक्की सांगते ती को-ऑक्सिमेट्री, कारण तिथे प्रकाशाच्या बऱ्याच तरंगलांबी वापरून प्रत्येक प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं मोजतात.

उपचारही वाटणीच्या त्याच नियमावर चालतात. ऑक्सिजनचा दाब वाढवला की कार्बन मोनॉक्साइडच्या जागा सुटू लागतात. साध्या हवेत तो निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तासाभरापासून दीड तास, आणि तीन वातावरणांच्या दाबाच्या हायपरबेरिक कक्षात वीसेक मिनिटं. त्या कक्षात धमनीच्या रक्तातला दाब दोन हजारांच्या घरात जातो आणि १०० मिलिलिटर रक्तात सुमारे सहा मिलिलिटर ऑक्सिजन नुसता विरघळतो. शरीराची गरज पाचाची, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं हिमोग्लोबिन नसलं तरी भागतं. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बुरेमा यांनी १९६० मध्ये हेच डुकरांवर करून दाखवलं. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख मात्र शून्यातून निघालेली सरळ रेषा असते, आणि पीएच कितीही उतरला तरी ती उजवीकडे सरकत नाही.