समासविचार : लेखांक ७
‘दशानन’ द्विगू का नव्हे?

मागील लेखांकात द्विगू समासाची ओळख झाली. त्यानंतर ‘दशानन’ या शब्दाचा समास विचारला असता ‘द्विगू’ हे उत्तर अनेक विद्यार्थी देतात, आणि ते चुकते. ‘दश’ हे संख्यावाचक विशेषण पहिल्या जागी दिसताच निर्णय होऊन जातो. पण द्विगूच्या व्याख्येला दोन अंगे आहेत. पहिले पद संख्यावाचक असावे हे एक अंग, आणि संपूर्ण सामासिक शब्दाने त्या संख्येइतक्या वस्तूंच्या समूहाचा बोध व्हावा हे दुसरे. पहिले अंग नुसते पाहून ओळखता येते, तर दुसऱ्यासाठी अर्थ पाहावा लागतो, म्हणून तेच नेमके निसटते.

येथे विद्यार्थी ‘दहा आननांचा समूह’ असा विग्रह करून आपले उत्तर सिद्ध झाले असे मानतो. आनन म्हणजे मुख, आणि रचना म्हणून या विग्रहात दोष काढता येत नाही. मात्र विग्रह शब्दाच्या रूपावरून नव्हे, तर वाक्यातील अर्थावरून करायचा असतो. ‘दशानन रणात पडला’ या वाक्यात मुखांचा समूह पडलेला नाही, रावण पडला आहे. ‘दश’ आणि ‘आनन’ ही दोन्ही पदे गौण राहून त्यांच्याबाहेरील तिसऱ्याच व्यक्तीचा बोध करून देतात, आणि जेथे असे घडते त्या समासास बहुव्रीही म्हणतात. म्हणून ‘दहा आनने आहेत ज्याला असा तो’ हाच विग्रह योग्य ठरतो. ‘चतुर्भुज’ आणि ‘त्रिनेत्र’ हे शब्दही याच न्यायाने बहुव्रीही होत.

लिंगबदलाची खूण काही जण वापरतात. ‘आनन’ नपुंसकलिंगी असूनही ‘दशानन’ पुल्लिंगी होतो, हे खरे. परंतु ‘रात्र’ स्त्रीलिंगी असूनही ‘नवरात्र’ नपुंसकलिंगी होते, आणि तो तर नऊ रात्रींचा समूह सांगणारा द्विगू आहे. तेव्हा ही खूण एकटीने निर्णय देऊ शकत नाही.

खरी अडचण ‘पंचवटी’सारख्या शब्दात येते, कारण ते नाशिकच्या एका भागाचे नाव असल्याने तेथेही तिसऱ्याच वस्तूचा बोध होतो असे वाटू शकते. तथापि ‘पाच वडांचा समूह’ हा शब्दाचा मूळ अर्थ असून स्थळाला ते नाव त्या समूहावरून पडले आहे. शिवाय अकारान्त ‘वट’ शब्दाला समूहार्थी द्विगूत ‘ई’ लागून ‘वटी’ होणे ही संस्कृतातील रूढ प्रक्रिया आहे. म्हणून ‘पंचवटी’ द्विगूच.

पुढील लेखांकात ‘नीलकंठ’ हा शब्द घेतला जाईल. तो कर्मधारय की बहुव्रीही, हे वाचकांनी तोवर वाक्यात योजून ठरवावे.