ओळ कुठे तुटते

शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरांपैकी बाराव्या अक्षरानंतर यती येतो. तिथे थांबायचं हे वृत्तानेच ठरवलेलं असतं. मुक्तछंदात ती जागा कवीला शोधावी लागते, आणि ओळ कुठे मोडायची हेही त्यालाच ठरवावं लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ, मीच रचलेलं:

आई आज येणार
नाही. म्हणाली, पाऊस
थांबू दे.

पहिली ओळ संपते तेव्हा आई येणार असते. मराठीत नकार बहुधा क्रियापदानंतर येतो, म्हणून ओळीच्या टोकाशी क्षणभर आशा उभी राहते आणि पुढचा शब्द ती काढून घेतो. वाक्य असं ओळ ओलांडून गेलं की डोळा थांबतो, पण अर्थ पुढे ओढत राहतो. ‘नाही’नंतरचा पूर्णविराम हा ओळीच्या पोटातला यती. तिथे वाचणारा खरोखर गप्प होतो. ‘पाऊस’ टोकाला लोंबकळतो, आणि ‘थांबू दे’ एकटं उरल्यामुळे आईच ‘मला थांबू दे’ म्हणते आहे असंही ऐकू येतं.

आता हेच ‘आई आज / येणार नाही’ असं तोडा. बातमी तीच, पण आशेचा तो क्षण गेला.

ओळी सलग गद्यासारख्या लिहून वाचाव्यात. काहीच हरवलं नाही, तर तो मोड केवळ कागदावरचा होता, असं मी मानते. मात्र ओळ कुठेही मोडता येत नाही: आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे प्रत्ययाआधी ओळ मोडली तर शब्दच फुटतो.