लाल शिक्क्यामागचे गणित

अनोळखी क्रमांकावरून फोन येताच पडद्यावर लाल पट्टी उमटते आणि तिच्यात ‘स्पॅम’ हा शब्द दिसतो, तेव्हा कोणीतरी चौकशी करून तो निष्कर्ष काढला असावा असे पाहणाऱ्याला वाटते. पण अशी चौकशी बहुधा झालेलीच नसते. ट्रूकॉलर या २००९ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या आणि आज भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सेवेचे उदाहरण घेतले, तर फोन संपल्यावर ग्राहक तो क्रमांक ‘ब्लॉक’ करतो किंवा ‘स्पॅम’ म्हणून कळवतो, ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर त्या क्रमांकाच्या नावे जमा होते, आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्याला फोन करतो तेव्हा त्या दुसऱ्याचा फोन घंटी वाजत असतानाच सर्व्हरला विचारणा करून नाव, शिक्का आणि तक्रारींची संख्या मिळवतो. ज्या क्रमांकांविरुद्ध फार तक्रारी आहेत त्यांची यादी फोनमध्येही उतरवून ठेवलेली असते, त्यामुळे तेवढ्या क्रमांकांसाठी दर वेळी विचारणा करण्याची गरज उरत नाही. किती तक्रारींनंतर पट्टी लाल व्हावी हा उंबरठा मात्र जाहीर केला जात नाही, कारण तो कळला तर फसवणूक करणाऱ्या टोळ्या त्याच्या जरा खाली राहून काम करतील.

अनेकांच्या तक्रारींतून सामूहिक निर्णय घडवण्याची ही कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात विपुल वेद प्रकाश या भारतीय प्रोग्रॅमरचे नाव जितके ठळकपणे यायला हवे तितके येत नाही. त्यांनी १९९८ साली ‘विपुल्स रेझर’ ही मुक्त प्रणाली तयार केली. तीत एखाद्याला नको असलेली ईमेल आली की त्या पत्राच्या मजकुरापासून गणिताने काढलेला एक लहानसा ठसा सामायिक साठ्यात जमा होई, आणि तोच ठसा असलेले पत्र इतरांकडे पोहोचले की ते आपोआप बाजूला पडे. अडचण लवकरच पुढे आली. जी पत्रे लोकांनी स्वतः नाव नोंदवून मागवली होती, त्यांचाही कंटाळा आला की नाव काढून घेण्याचे कष्ट न घेता ते सरळ स्पॅम म्हणून कळवत, आणि ती पत्रे हवी असलेल्या इतर वाचकांचेही नुकसान होई. यावरचे उत्तर फार सुंदर होते. या प्रणालीच्या पुढील आवृत्तीत `razor-report` या तक्रारीच्या आज्ञेबरोबर `razor-revoke` ही तक्रार खोडून काढण्याची आज्ञाही होती, आणि प्रत्येक तक्रारदाराला विश्वासाचे मूल्य दिलेले होते: ज्याची तक्रार इतर विश्वासू तक्रारदारांच्या मताशी जुळे त्याचे मूल्य वाढे, ज्याची वारंवार खोडली जाई त्याचे घटे, आणि ठसा वाईट ठरवताना तक्रारींची डोकी मोजण्याऐवजी त्यांची वजने मोजली जात. २००१ साली जॉर्डन रिटर यांच्याबरोबर स्थापन केलेल्या क्लाउडमार्क या कंपनीत हेच तत्त्व पुढे विकसित झाले. म्हणजे चुकीच्या शिक्क्याला आव्हान देण्याची सोय ही कोणाची मेहेरबानी नसून, अशा यंत्रणेचे उत्तर बरोबर येण्यासाठी लागणारा तिचा अंगभूत भाग आहे, हे दोन दशकांपूर्वीच कळलेले होते.

त्याच १९९८ साली मेहरान सहामी, सुसान डुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेल गाळण्यासाठी संभाव्यतेचा वापर करणारा एक निबंध मांडला, आणि त्यात पत्र निरुपयोगी असण्याची संभाव्यता ९९.९ टक्क्यांहून अधिक असेल तरच ते बाजूला काढावे अशी अट घातली. एक कामाचे पत्र हरवणे हे एक निरुपयोगी पत्र वाचावे लागण्यापेक्षा कितीतरी महाग आहे, हा विचार त्या अटीमागे होता.

ईमेलसाठी जुळलेले हे गणित फोनवर आणताना मात्र एक महत्त्वाची गोष्ट बदलली. रेझरमध्ये ठसा पत्राच्या मजकुराचा होता, त्यामुळे पत्र वाईट ठरले तरी पाठवणाऱ्याची बाकीची पत्रे शाबूत राहत. फोनमध्ये संभाषणाचा मजकूर यंत्रणेला ऐकू येत नाही, म्हणून शिक्का संभाषणावर न बसता क्रमांकावर बसतो, आणि त्या क्रमांकावरून पुढे होणारा प्रत्येक फोन तो शिक्का घेऊनच निघतो. शिवाय क्रमांक कायम एकाच माणसाकडे राहत नाही. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस राखून ठेवल्यानंतर नव्या ग्राहकाला देता येतो, पण खासगी ॲपच्या साठ्यातील जुन्या तक्रारी त्या ९० दिवसांत आपोआप पुसल्या जातील अशी कोणतीही सक्ती नाही.

यातून काय घडते ते एका कल्पित पण रोजच्या व्यवहारात बसणाऱ्या उदाहरणाने पाहता येईल. समजा सांगलीतील एका पॅथॉलॉजी लॅबने नवे सिम घेतले आणि त्यावरून रक्ततपासणीचा अहवाल तयार असल्याचे रुग्णांना कळवायला सुरुवात केली. रोज १५० फोन, महिन्याचे २५ कामाचे दिवस, म्हणजे एकूण ३,७५० फोन झाले. बहुतेक रुग्णांकडे हा क्रमांक साठवलेला नाही, त्यामुळे दर २५० फोनमागे एकाने बँकेचा किंवा विम्याचा फोन समजून स्पॅमचे बटण दाबले, तर महिनाअखेर १५ तक्रारी जमतात. दुसरीकडे एका भामट्याने एक सिम एकच दिवस वापरून ६० जणांना फोन केले आणि त्यांतल्या १२ जणांनी तक्रार केली. केवळ तक्रारी मोजल्या तर १५ तक्रारींची लॅब १२ तक्रारींच्या भामट्यापेक्षा वाईट ठरते. तक्रारींना फोनच्या संख्येने भागले तर लॅबचे प्रमाण ०.४ टक्के आणि भामट्याचे २० टक्के, म्हणजे पन्नासपट, असे खरे चित्र दिसते. हा भागाकार करण्यासाठी लागणारा छेद, म्हणजे एकूण फोनची संख्या, ॲपला पुरती माहीत नसते, कारण ज्यांच्याकडे ते ॲप आहे त्यांना आलेले फोनच त्याला दिसतात. त्यात ज्याला अहवालाचा निरोप मिळाला तो ‘बरं’ म्हणून फोन ठेवतो आणि कोणतेच बटण दाबत नाही, त्यामुळे समाधानी लोकांचे मत साठ्यात येतच नाही. याच लॅबला मिळालेला क्रमांक पूर्वी एखाद्या कर्ज देणाऱ्या एजंटाकडे असेल, तर पहिला फोन करण्याआधीच तक्रारींची शिल्लक तिच्या नावावर पडलेली असते.

अशा वेळी आधी शिक्का कोणी मारला ते शोधावे लागते, कारण तो एकाच ठिकाणी नसतो. त्याच क्रमांकावरून तीन-चार परिचितांना फोन करून त्यांच्या पडद्याचे स्क्रीनशॉट मागवले की उलगडा होतो: एकाकडे ट्रूकॉलर असावे, एकाकडे केवळ गूगलचे फोन ॲप, आणि एकाकडे एअरटेलचे सिम असून वेगळे ॲप नसावे. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून सुरू केलेला `Suspected SPAM` हा इशारा लोकांच्या बटणांवर बेतलेला नसून फोनची वारंवारता आणि संभाषणाचा कालावधी यांसारख्या वर्तनावरून काढलेला अंदाज असतो. दिवसभर ओळीने लहान-लहान फोन करणारी लॅब त्या नजरेला टेलिमार्केटरसारखीच दिसू शकते, म्हणून तेथे तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवेकडे करावी लागते आणि फोन करण्याची पद्धत तशीच राहिली तर इशारा परत येण्याची शक्यता असते.

ट्रूकॉलरचा शिक्का असेल तर त्याच क्रमांकाने खाते उघडून, पडताळणी पूर्ण करून, आधी नाव दुरुस्त करावे, कारण जुन्या धारकाचे नाव राहिले असेल तर ऐकणाऱ्याचा संशय वाढतो आणि नव्या तक्रारींची भर पडते. त्यानंतर कंपनीच्या मदत कक्षाकडे लेखी विनंती पाठवताना क्रमांक +91 सह लिहावा, सिम कोणत्या तारखेला घेतले त्याचा पुरावा, दुकान अथवा संस्था नोंदणीचा कागद, फोनचा हेतू आणि स्क्रीनशॉट जोडावेत. सिमची तारीख विशेष महत्त्वाची, कारण तिच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्याच्या आहेत हे तिच्यावरून सिद्ध होते. ज्यांना खरोखर फोन गेले अशा रुग्णांनी आपापल्या फोनमधून तो क्रमांक स्पॅम नसल्याचे कळवणे हे `razor-revoke` चेच आजचे रूप आहे, मात्र ते खऱ्या ग्राहकांनीच करावे. ओळखीच्या पन्नास जणांना एका संध्याकाळी बटण दाबायला लावले तर तो समूह यंत्रणेला बनावट वाटू शकतो. गूगलच्या ॲपमध्येही अलीकडील फोनच्या यादीत त्या क्रमांकावर `Not spam` हा पर्याय मिळतो.

अनेकदा truecaller.com/unlisting या पानावरून क्रमांक साठ्यातून काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी आधी खाते बंद करावे लागते, आणि ज्याला आपले नाव अनोळखी लोकांना दिसू नये असे वाटते त्याला तो योग्यच आहे, पण लॅबच्या दृष्टीने तो उलटा पडतो, कारण नाव नाहीसे झालेला क्रमांक पुन्हा केवळ अनोळखी क्रमांक म्हणून वाजतो आणि अनोळखी क्रमांकच अधिक कळवले जातात. व्यवसायांसाठी पडताळणीची खूण देणारी सेवाही आहे, पण ती सशुल्क आहे. खोटा शिक्का पुसण्याचा मार्ग पैसे मोजण्यातून जाऊ नये, एवढे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

सरकारी व्यवस्थेशी तुलना केली की खासगी शिक्क्यातील उणीव नेमकी कळते. १९०९ या क्रमांकावर केलेल्या तक्रारींना ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीचा आधार आहे, आणि २०२५ च्या दुरुस्तीनुसार बिगरनोंदणीकृत प्रचारकाविरुद्ध दहा दिवसांत पाच ग्राहकांच्या तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते, उंबरठा छापील आहे, तक्रारीला तारीख लागते, आणि ज्याचे फोन बंद झाले त्याला आपली बाजू मांडता येते. ॲपच्या शिक्क्याला यांतले काहीच बंधन नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या १२ व्या कलमात माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार आहे, पण तो ज्या माहितीच्या वापराला त्या व्यक्तीने संमती दिली त्या माहितीशी जोडलेला आहे. ज्याने ॲप कधी उतरवलेच नाही आणि तरीही ज्याचा क्रमांक इतरांनी कळवला, त्याच्यासाठी ही शब्दरचना तोकडी पडते.

लॅबच्या बाबतीत आणखी एक अट आहे. त्याच क्रमांकावरून ती आरोग्य तपासणीच्या सवलतीची जाहिरातही करत असेल, तर शिक्का चुकीचा उरत नाही. प्रचारासाठी १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे आणि साध्या दहा अंकी क्रमांकावरून तसे फोन करणे नियमबाह्य आहे. केवळ अहवालाचे निरोपच जात असतील आणि विनंती मान्य झाली, तरीही काही फोनवर आधी उतरवलेली यादी ताजी होईपर्यंत लाल पट्टी दिसत राहते, म्हणून तपासणी त्याच परिचितांच्या फोनवर काही दिवसांनी पुन्हा करावी. ज्या रुग्णाने तो क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये ब्लॉक केला आहे, त्याच्याकडे मात्र कंपनीची दुरुस्ती पोहोचत नाही. त्याला अहवाल तयार असल्याचे दुसऱ्या क्रमांकावरून किंवा संदेशाने कळवावे लागते.