एका गाण्याची दोन नावे

वडिलांचे ‘पेरणीची वाट’ हे गाणे इंटरनेटवर दोनदा दिसू लागले आणि ऐकणाऱ्यांचा आकडा विभागला गेला. चूक माझीच. वितरक बदलताना मी आयएसआरसीचा रकाना रिकामा सोडला आणि Pernichi Vaat ऐवजी Peranichi Wat लिहिले. हा १२ अक्षर-अंकांचा संकेतांक चालीला नव्हे, विशिष्ट ध्वनिमुद्रणाला असतो. रकाना रिकामा दिसताच वितरकाने नवा संकेतांक दिला आणि जुनेच ध्वनिमुद्रण नवे ठरले. पहिल्या वितरकाच्या नोंदीतून मूळ संकेतांक शोधून, तेच ध्वनिमुद्रण जुन्याच स्पेलिंगने पुन्हा पाठवले, तेव्हा आकडे एकत्र आले. वडील तेच गाणे पुन्हा गायले, तर मात्र नवा संकेतांकच हवा. ज्या हिशेबात संकेतांक नसतो, तिथे जुळणी नावावरूनच होते. म्हणून प्रत्येक गाण्याचे एकच स्पेलिंग आता वहीत लिहून ठेवले आहे.