लॅबची किल्ली कोणाकडे?

'गेम डेव्हलपमेंट क्लबसाठी स्वतंत्र खोली आणि दोन लाख रुपये मिळावेत.' आमच्या एका विद्यार्थ्याने प्राचार्यांना लिहिलेल्या पत्राचा पहिला मसुदा एवढाच होता. 'गेम' हा शब्द वाचला की प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर खेळत बसलेली मुलं येतात, बनवणारी नाही. तो तास झाल्यावर मला भेटला आणि आम्ही पत्र नव्याने लिहायला बसलो.

आधी खोली. स्वतंत्र खोली कुठल्याच कॉलेजात रिकामी नसते, पण साडेचारनंतर संगणक लॅब मोकळी असते. म्हणून मागणी झाली ती बुधवार आणि शनिवारी साडेचार ते सातची. सोबत एका प्राध्यापकांचं प्रभारी म्हणून लेखी संमतिपत्र. कारण खरा प्रश्न किल्लीचा असतो, आणि किल्ली विद्यार्थ्याच्या हाती कोणी देत नाही.

दोन लाख त्याने महागड्या संगणकांसाठी धरले होते. त्यांची गरजच नव्हती. गोडो हे गेम बनवण्याचं इंजिन फुकट आणि मुक्त परवान्याचं आहे. झिप फाइल उघडली की ते चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे लॅबच्या अ‍ॅडमिन पासवर्डसाठी कोणाच्या मागे लागायला नको. मात्र जुन्या संगणकांवर एक अडचण येते. नवीन प्रोजेक्ट उघडताना गोडो आपणहून `Forward+` ही चित्रण पद्धत निवडतं. तिला व्हल्कनसारखी नवी ग्राफिक्स सोय लागते, आणि ती नसली की ही पद्धत चालत नाही. तिथे `Compatibility` निवडायचं. साध्या द्विमितीय गेमला तेवढं पुरतं. त्याने आधी एका संगणकावर हे करून पाहिलं आणि पत्रात तसं लिहिलं. मला ते वाक्य सगळ्यात आवडलं.

दुसरी अडचण लॅबच्या शिस्तीची. रोज रात्री तिथले संगणक मूळ स्थितीत आणले जातात, म्हणजे बुधवारचं काम शनिवारी गायब. म्हणून यादीत आठ पेनड्राइव्ह आले, 2,800 रुपयांचे. दोन गेमपॅड 2,400, चित्रं काढायला एक पेन टॅबलेट 4,000, दोन एक्स्टेन्शन बोर्ड 800. एकूण 10,000. प्रत्येक वस्तूची तीन कोटेशन जोडली आणि वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला नोंदवल्या जातील, असंही लिहिलं. हिशेबनीस नेमकं तेच शोधतात. तयार गेम `itch.io` वर फुकट टाकता येतो, त्यामुळे प्रकाशनाचा खर्च शून्य.

शेवटी दोन ओळी: सत्र संपताना तीन छोटे गेम दाखवू, त्यातला एक प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देणारा असेल.

पत्र आठ दिवसांनी परत आलं. समासात निळ्या शाईने लिहिलं होतं: 'पेन टॅबलेट पुढील वर्षी. बाकी मंजूर. किल्ली प्रभारींकडेच राहील.'