‘team-member-1’ नावाचा माणूस

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक इंजिनिअर डेटाबेसशी झगडत होता. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम या कंपनीकडे साठवतात. मुख्य डेटाबेस db1 वर होता आणि त्याची प्रत db2 वर. वाढलेल्या भारामुळे प्रत मागे पडत गेली होती आणि ती नव्याने करायची तर आधी db2 वरचं फोल्डर रिकामं असायला हवं होतं. इंजिनिअरने ते पुसायचा हुकूम दिला खरा, पण तो दिला db1 वर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने हुकूम थांबवला. तोवर सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

कंपनीच्या जाहीर निवेदनात या माणसाचा उल्लेख ‘team-member-1’ असा आहे. त्याआधी घाईघाईत उघड केलेल्या नोंदींमध्ये नावाची आद्याक्षरं होती, ती पुढे काढण्यात आली. माफी मागितली ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, कंपनीच्या वतीने.

यात एक धोका होता. ‘आमच्याकडून चूक झाली, क्षमस्व’ एवढ्यावर निवेदन संपलं असतं, तर नाव न घेणं म्हणजे निव्वळ झाकपाक ठरली असती. गिटलॅबने नावाच्या जागी दुसरं काही ठेवलं: चूक झाल्यावर आपण सावरू का शकलो नाही, याचा हिशोब. रोजचा बॅकअप कधीपासूनच अपयशी होत होता, कारण तो घेणारं सॉफ्टवेअर डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेल मेल-सर्व्हर नाकारत होता, त्यामुळे त्या कोणाला दिसल्याच नाहीत. डिस्कची प्रत घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. अखेर हाताशी आली ती त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत.

ग्राहकाला हवं होतं तेही त्यात होतं. कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतची माहिती गेली, अंदाजे किती प्रकल्प, टिप्पण्या आणि नवी खाती त्यात होती, आणि लोकांनी साठवलेला मूळ कोड मात्र शाबूत आहे. इंजिनिअरचं नाव कळून ग्राहकाला यातलं काहीच समजलं नसतं. आपलं काय बुडालं आणि आता काय पुन्हा करायचं, हा त्याचा प्रश्न असतो.

महिनाभरात, 28 फेब्रुवारीला, ॲमेझॉनची एस-3 ही साठवण सेवा सुमारे चार तास कोलमडली. थोडे सर्व्हर काढायच्या हुकमात एक इनपुट चुकीचं पडलं आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. त्या निवेदनातही नाव नाही, पण एक बारकावा आहे: हुकूम देणाऱ्याला तसा अधिकार होता आणि तो ठरलेल्या पद्धतीनेच काम करत होता, हे स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे दोष शोधायचा तो पद्धतीत. एका झटक्यात इतके सर्व्हर काढू देणारं साधनच मग बदललं गेलं.

मोठ्या कंपनीत निनावी राहणं सोपं असतं. चारजणांच्या ऑफिसात काय करायचं? समजा, एका सीएच्या कार्यालयातून अशिलाच्या जीएसटीआर-1 मध्ये एका बिलावर चुकीचा जीएसटी क्रमांक गेला. माल घेणाऱ्याला आपलं क्रेडिट दिसत नाही, तो अशिलावर चिडतो आणि अशील कार्यालयाला फोन लावतो. ‘नवीन मुलगी लागलीय हो, तिच्याकडून झालं’ हे उत्तर ओठांवर असतंच. यात नाव नाही, पण नवीन मुलगी ऑफिसात एकच आहे. पुढच्या वेळी अशील तिच्याशी बोलायलाच तयार होणार नाही. त्याऐवजी असं सांगता येतं: ‘साहेब, अमुक बिलावर आमच्याकडून क्रमांक चुकीचा गेला. विवरणपत्र भरण्याआधी क्रमांक दुसऱ्या माणसाने पडताळायचे, ते या वेळी राहिलं. पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती टाकतोय, तोवर समोरच्या पार्टीला आम्हीच पत्र देतो.’ पडताळणीची पद्धत मुळात नसेलच, तर ‘राहिलं’ म्हणणं खोटं ठरेल. मग ‘अशी पद्धत आमच्याकडे नव्हती, आता सुरू केली आहे’ हेच सांगावं लागेल.

या रिवाजाला मर्यादा आहेत. अफरातफर किंवा जाणूनबुजून केलेली लबाडी असेल, तर ‘आम्ही’च्या आड माणूस लपवता येत नाही, चौकशीत नाव द्यावंच लागतं. आणि बाहेर नाव घ्यायचं नाही म्हणून आतही विचारायचं नाही, असं नसतं. तो हुकूम देताना समोर काय दिसत होतं, हे त्याच माणसाला ठाऊक असतं. शिक्षेची धास्ती नसेल तरच तो ते खरं सांगतो.

गिटलॅबच्या दुरुस्त्यांच्या यादीत म्हणूनच मोठ्या कामांबरोबर एक किरकोळ वाटणारं कामही होतं: आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे हुकूम टाइप करतानाच स्पष्ट दिसावं, यासाठी पडद्यावरची ओळ बदलणं.